स्टिरिओनेट प्रोग्राम : एक पावसाळा वापरल्यानंतर, आणि उभ्या जॉइंटची सरासरी आडवी का निघते

पुण्यात ऑफिसात बसून हे लिहितोय, कारण मागच्या आठवड्यात घाटरस्त्याच्या एका कटिंगचा अहवाल तपासायला हातात आला आणि त्यातला एक आकडा डोक्यातून जात नाही. कटिंग उत्तर-दक्षिण धावते, तोंड पश्चिमेला, उतार ७५ अंश. दगड नेहमीचा बेसॉल्ट. अहवालातल्या जॉइंट सेटच्या तक्त्यात दुसरा सेट ‘डिप ६ अंश, जवळपास आडवा, धोका नाही’ असा नोंदवला होता. त्या कटिंगसमोर मी स्वतः उभा राहिलोय. तिथे आडवा म्हणण्यासारखा हा सेट नाहीच. तोंडाला समांतर, ताठ उभे जॉइंट मात्र खालपासून वरपर्यंत दिसतात.

जॉइंटची वाचनं नेटवर मांडायला मी वापरतो तो प्रोग्राम कॉर्नेल विद्यापीठाचे रिचर्ड ऑलमेंडिंगर यांचा, नावही सरळ ‘स्टिरिओनेट’च. फुकट आहे, विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालतो. दरवर्षी पैसे मागणारी पॅकेजं बाजारात आहेत आणि त्यांची चित्रं जास्त देखणी येतात, पण ज्या कामासाठी मी नेट उघडतो त्यासाठी एक रुपयाही खर्च करायची गरज मला पडली नाही. श्मिट नेट, खालचा अर्धगोल, पोल, महावृत्त, काम्ब पद्धतीचे कंटूर हे सगळं माहीत असलेल्यांसाठीच मी लिहितोय, म्हणून त्यात जात नाही. या लेखात बोलायचंय ते एकाच गोष्टीबद्दल : सरासरी. अशा बहुतेक प्रोग्राममध्ये सदिशांची, म्हणजे फिशर पद्धतीची सरासरी आणि अक्षांची, म्हणजे बिंगहॅम पद्धतीची सरासरी शेजारी शेजारी मिळतात. घाईत असलेला माणूस पहिली निवडतो.

अहवालाच्या परिशिष्टात मूळ वाचनं होती. त्यातली चार इथे घेतो, डिपची दिशा आणि डिप अशा क्रमाने : ०८८/८६, २७२/८७, ०९१/८५, २६९/८४. चारही उभ्याच्या आसपास, काही जरा पूर्वेला कललेले, काही जरा पश्चिमेला. जागेवर बघणारा कुणीही याला एकच सेट म्हणेल. आता पोल काढा : २६८/४, ०९२/३, २७१/५, ०८९/६. म्हणजे दोन नेटच्या पश्चिम कडेला, दोन पूर्व कडेला, समोरासमोर.

फिशर सरासरी या चारांना चार बाण समजते आणि त्यांची बेरीज करते. रस्सीखेचीत दोन्ही संघ सारखेच जोरकस असावेत तसं पूर्वेकडचं आणि पश्चिमेकडचं ओढणं एकमेकांना संपवतं. उरतं काय, तर प्रत्येक बाणाचा खाली झुकलेला तो तीन ते सहा अंशांचा छोटासा भाग. त्यामुळे बेरजेचा बाण जवळजवळ सरळ खाली जातो, माझ्या हिशेबाने ८४ अंशांनी. पोल खाली म्हणजे प्रतल आडवं, डिप ६ अंश. अहवालातला सहा नेमका इथून आलाय. ८४ ते ८७ अंशांच्या चार वाचनांची सरासरी सहा!

यात सगळ्यात त्रासाची बाब अशी की दख्खनच्या बेसॉल्टमध्ये हा सहा खरा वाटतो. आपल्याकडे लाव्हाचे थर जवळजवळ आडवेच असतात, दोन थरांच्या मधला लाल बोलही आडवा. नेटच्या मधोमध एक सरासरी पोल दिसला की तपासणारा म्हणतो, हा प्रवाहांमधला संपर्क. कुणाला शंकाच येत नाही. ग्रॅनाइटच्या प्रदेशात कदाचित कुणीतरी थांबून विचारलं असतं.

आता पाचवं वाचन घाला : २७०/८८. तेही उभंच. त्याचा पोल ०९०/२. पूर्वेकडे तीन झाले, पश्चिमेकडे दोनच राहिले, तोल मोडला. सरासरी उडी मारते ती थेट २७२ दिशेला ७१ अंश डिपवर. एका वाचनाने ६ चे ७१ झाले, आणि पाचांपैकी एकही वाचन ना ६ च्या जवळ आहे, ना ७१ च्या. हे ७१ आणखी घातक आहे. पश्चिमेला ७५ अंश उताराच्या तोंडात पश्चिमेलाच ७१ अंश डिप असलेलं प्रतल म्हणजे ते तोंडातून बाहेर पडतं, घर्षणकोन ३५ धरला तर त्याच्याहून बरंच तीव्रही आहे. मार्कलँडची चाचणी लगेच ‘प्रतल घसरण’ म्हणेल, आणि नसलेल्या प्रतलासाठी कुणीतरी अँकरचा अंदाज काढेल.

खरी सरासरी काढायची तर पोलला टोक नसतं हे आधी मान्य करावं लागतं. तो अक्ष आहे, २६८/४ आणि ०८८/−४ ही एकच रेघ. पश्चिमेकडचे दोन्ही पोल असे पलटून पूर्वेला आणले की झुकाव येतात −४, ३, −५, ६, २. बेरीज २, सरासरी अर्ध्या अंशापेक्षाही कमी, दिशा ०९०. म्हणजे उत्तर-दक्षिण स्ट्राइकचं, साडेएकोणनव्वद अंशांचं, व्यवहारात उभंच प्रतल. बिंगहॅमचा पर्याय निवडला की प्रोग्राम हेच आयगेनसदिशाने करतो आणि उत्तर तेच येतं. हात न लावता, क्षणात.

धोका नेमका कोणता, तेही यातूनच कळतं. पश्चिमेला ८४ ते ८८ कललेली प्रतलं तोंडापेक्षा तीव्र, ती बाहेर पडत नाहीत, घसरणार नाहीत. पण पूर्वेला, म्हणजे डोंगरात कललेली ८५ ची प्रतलं उलथू शकतात. गुडमन आणि ब्रे यांची अट लावून बघा : ९० वजा ८५ म्हणजे ५, त्यात घर्षणाचे ३५ मिळवा, ४०. तोंडाचे ७५ त्याहून खूप जास्त. अट पुरी होते. बेसॉल्टच्या उभ्या पट्ट्या, खाली पाण्याने झिजणारा लाल बोल, आणि ‘आडवा सेट, धोका नाही’ अशी नोंद. हा अहवाल वाचून माझा संताप झाला तो यासाठी.

सुरुवातीचे काही आठवडे माझं मत होतं की फिशरचा पर्याय प्रतलांच्या पोलसाठी बंदच ठेवायला हवा. वापरता वापरता ते मत बदललंय. ज्या सेटचा डिप ४०–५० अंश आहे त्याचे सगळे पोल एका बाजूलाच पडतात, तिथे फिशर उत्तम चालतो आणि विश्वासशंकूही देतो. शिवाय चुकीची खूण तो स्वतःच छापतो, फक्त कुणी बघत नाही. बेरजेच्या बाणाची लांबी भागिले वाचनांची संख्या हा आकडा घट्ट सेटला एकच्या अगदी जवळ असतो. वरच्या चार वाचनांसाठी तो येतो ०.०८, पाचांसाठी ०.२१. वाचनं तर एकमेकांपासून जेमतेम बारा अंशांत आहेत. असा आकडा दिसला की सरासरी फेकून द्यायची. दुसरी खूण त्याहून सोपी आहे. सरासरीचा पोल नेटवर टाका आणि त्याच्या आजूबाजूला एक तरी खरा पोल आहे का बघा. इथे मधला भाग कोरा होता.

कंटूरबद्दल माझी तक्रार नाही. कडेवरचा पुंजका दोन तुकड्यांत दिसतो, एक पूर्वेला, एक पश्चिमेला, पण घनता मोजताना प्रोग्राम समोरची बाजू धरतो. तरीही नवीन मुलं त्याला दोन सेट म्हणतात. अगदी समोरासमोर, दोन्ही कडेला टेकलेले पुंजके असले तर तो एकच उभा सेट, हे त्यांना नेट फिरवून दाखवावं लागतं.

जे कुठल्याच प्रोग्रामला दुरुस्त करता येत नाही तेही सांगतो. वाचनं घेतली होती रस्त्याच्या कडेने, उत्तर-दक्षिण टेप लावून. ज्या सेटचा धोका तो सेटही उत्तर-दक्षिणच. टेपला समांतर जॉइंट टेपला क्वचितच छेदतात, म्हणून ते यादीत कमी येतात. रूथ टर्झागी यांनी १९६५ मध्ये यावर भार सुचवला : टेप आणि प्रतल यांच्यातल्या कोनाच्या साइनने एकाला भागायचं. कोन ३० असेल तर भार २, १० असेल तर पावणेसहा, ५ असेल तर साडेअकरा. शून्याकडे गेलो की भार अनंताकडे जातो, आणि मग एका चुकीच्या वाचनावर अख्खा कंटूर उभा राहतो. म्हणून मी पंधराच्या खाली भार लावत नाही. त्याऐवजी कटिंगला आडव्या जाणाऱ्या नाल्यात उतरून पूर्व-पश्चिम टेप लावतो. तिथे हाच सेट हाताच्या अंतरावर एकामागून एक भेटतो.

फॉल्टचं थोडक्यात. त्याला कंटूरमध्ये ढकलू नका. एका कटिंगमध्ये एकच फॉल्ट, म्हणजे एकच वाचन, तो शेकडो जॉइंटमध्ये बुडून जातो. त्याचं महावृत्त वेगळं काढा आणि ओरखड्यांची रेघ ठिपक्याने त्यावर ठेवा. ठिपका महावृत्तावर बसला नाही तर वाचन चुकलंय. याच कटिंगच्या टोकाला एक भ्रंश आहे, २९०/८०. त्यावरचे ओरखडे ०३०/११ नोंदवलेले. ते प्रतलावर असूच शकत नाहीत, कारण ०२० स्ट्राइकच्या पूर्वेला या प्रतलातली रेघ वर जाते, खाली नाही. ०१८/११ असती तर बरोबर बसली असती. इतक्या तीव्र प्रतलावर होकायंत्राने रेघेची दिशा घेणं अवघड, त्यात बेसॉल्टमधलं मॅग्नेटाइट सुई ओढतं. कोनमापक प्रतलावरच टेकवून आडव्या रेघेपासूनचा कोन मोजावा, तो इथे सुमारे ११ अंश निघाला. म्हणजे हालचाल मुख्यतः आडवी.

११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाचं बीचबॉल याच खालच्या अर्धगोलावर काढलेलं असतं. त्यातही दोन प्रतलं मिळतात आणि खरा फॉल्ट कोणता हे बीचबॉल सांगत नाही. ईशान्येकडे, उत्तरेला जास्त झुकलेल्या दिशेत जमिनीवर पडलेल्या भेगांनी ते ठरवायला मदत केली. नेटवरच्या रेघेला जागेवरचा पुरावा लागतोच.

अहवाल परत पाठवला. सुधारित प्रत आली आहे, दुसरा सेट आता उभा दाखवलाय आणि उलथण्याची चाचणी जोडली आहे. नाल्यातली वाचनं मात्र अजून घेतलेली नाहीत, म्हणून सही केलेली नाही.