तेलुगू अर्जाने गृहकर्ज बंद केलं : आठ महिन्यांच्या वापरानंतर

निजामाबादला राहून वीस वर्षं झाली. तेलुगू बोलतो, पण कागदावर उतरवायचं म्हटलं की हात अडखळतो. म्हणून गृहकर्जाचा शेवटचा हप्ता भरल्यावर शेजारच्या निवृत्त मास्टारु गारूंकडून, म्हणजे मास्तरांकडून, बँकेसाठी एक पानी अर्ज लिहून घेतला. कर्जखातं बंद करा आणि घराची मूळ कागदपत्रं परत द्या, एवढाच मजकूर. मार्चपासून आतापर्यंत तो तीनदा वापरला: आमच्यासाठी, मेहुणीच्या घरासाठी आणि एका शेजाऱ्यासाठी. दर वेळी त्यात दुरुस्ती झाली.

पहिला घोटाळा विषयाच्या ओळीतच झाला. तिथे 'असलु तिरिगि इव्वगलरु' असं होतं. तेलुगूत 'असलु' म्हणजे मूळ, पण कर्जाच्या बोलण्यात 'असलु' म्हणजे मुद्दल आणि 'वड्डी' म्हणजे व्याज. काउंटरवरच्या मुलीने वाचून विचारलं, कुठलं मुद्दल परत हवंय? आता आम्ही सरळ 'ओरिजिनल दस्तावेजुलु' लिहितो. मास्टारु गारूंना ते फारसं रुचलं नाही, पण बँकेत तोच शब्द चालतो.

दुसरी दुरुस्ती तारखेची, आणि ती मला सर्वांत मोलाची वाटते. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार पूर्ण परतफेडीपासून ३० दिवसांत सर्व मूळ कागदपत्रं परत द्यायची आणि नोंदवलेला बोजा काढायचा असतो. १ डिसेंबर २०२३ पासून ज्यांची कागदपत्रं परत मिळायची वेळ येते, त्यांना हे लागू आहे. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. मुदत परतफेडीपासून मोजायची, अर्जापासून नाही. आम्ही पैसे ३ मार्चला भरले, अर्ज १० मार्चला दिला, आणि शाखेने दिवस १० पासून मोजायला घेतले. पहिल्या अर्जात फक्त 'मोत्तं चेल्लिंचामु', म्हणजे पूर्ण रक्कम भरली, एवढंच होतं. आता त्याच वाक्यात भरल्याची तारीख आणि पावतीचा क्रमांक येतो, आणि पुढे ५,००० च्या भरपाईचं वाक्य.

तिसरी गोष्ट यादीची. 'माझी सगळी कागदपत्रं' असं लिहून भागत नाही. इकडे खरेदीखताबरोबर आधीच्या मालकांची जुनी खतंही बँक ठेवून घेते. त्यांना 'लिंक डॉक्युमेंट' म्हणतात. काय काय दिलं होतं ते आम्हाला धड आठवत नव्हतं. ते सापडलं कर्ज घेताना सब-रजिस्ट्रारकडे नोंदवलेल्या निक्षेपपत्रात, म्हणजे खतं बँकेकडे ठेवल्याच्या लेखात, ज्याला इथे सगळे 'एम.ओ.डी.' म्हणतात. त्याच्या शेवटी प्रत्येक खताचा क्रमांक आणि वर्ष असतं. तीच यादी अर्जाखाली उतरवली.

तिचा उपयोग २८ मार्चला झाला. खरेदीखत आलं, दोन लिंक डॉक्युमेंटं आली नाहीत आणि पोचपावतीवर मात्र 'सर्व कागदपत्रे मिळाली' असं छापलेलं. बायकोने सही थांबवली, यादीवर बोट ठेवलं आणि 'ही दोन वगळून' असं लिहूनच सही केली. ती दोन दुसऱ्या शहरातल्या गोदामातून १४ एप्रिलला आली. २ एप्रिलची मुदत ओलांडून १२ दिवस, म्हणजे ६०,००० रुपये. शाखेने आधी नकार दिला. मग बँकेच्या तक्रार विभागाला अर्जाची शिक्का मारलेली प्रत, पावती आणि ती सही जोडून लिहिलं, तेव्हा रक्कम बचत खात्यात आली. तक्रारीला ३० दिवसांत उत्तर आलं नसतं, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जायचं आम्ही ठरवलं होतं.

तेलुगूत लिहिल्याचा खरा फायदा मेहुणीच्या वेळी दिसला. सहकर्जदार तिच्या सासूबाई, त्यांना इंग्रजी येत नाही. कशावर सही करतोय हे त्यांनी स्वतः वाचलं आणि भरल्याच्या तारखेतली चूकही त्यांनीच पकडली. पण तिथले मॅनेजर गारु बाहेरच्या राज्यातले, शिवाय फाइल पुढे तेलुगू न वाचणाऱ्या कार्यालयात जाते. म्हणून खातं आणि खतांचे क्रमांक आता इंग्रजी अंकांत लिहितो आणि मागे चार ओळींचा इंग्रजी सारांश जोडतो. सह्या सगळ्या कर्जदारांच्या लागतात.

शेजाऱ्याला मात्र अर्ज अर्धाच उपयोगी पडला. त्यांचं कर्ज पिकासाठी सोनं ठेवून घेतलेलं. हे परिपत्रक वैयक्तिक कर्जांसाठी आहे. घरासाठीचं त्यात बसतं, शेतीचं किंवा धंद्याचं नाही. त्यांच्या प्रतीतून ५,००० चं वाक्य काढून टाकलं. सोनं परत मिळालं, पण धाक दाखवायला हाती काही नव्हतं.

आणखी एक ओळ आम्ही उशिरा घातली: 'बोजा काढल्याची नोंद करून त्याची प्रत द्यावी.' घरात कागद आले तरी सब-रजिस्ट्रारकडे घर गहाणच दिसत राहतं. मी महिन्याभराने बोजा प्रमाणपत्र, म्हणजे ई.सी., काढलं तेव्हा निक्षेपाची नोंद होती आणि मुक्ततेची नव्हती. पुन्हा तोच अर्ज, फक्त त्या एका ओळीसाठी. जूनमध्ये काढलेल्या ई.सी.त दोन्ही नोंदी एकाखाली एक दिसल्या.