चूक की धोरणबदल? जळगावच्या डाळमिलचा हिशेब

समजा, जळगावची एक डाळमिल कंपनी 'इंड एएस' ही भारतीय लेखामानकं पाळते. 2024-25 चं ऑडिट चालू असताना कळलं, की 31 मार्च 2024 ला भुसावळच्या गोदामातली 200 क्विंटल तूर मोजायचीच राहिली. 10,000 रुपये भावाने 20 लाख. ही मागच्या वर्षाची चूक.

त्याच कंपनीने साठ्याचं मूल्यांकन 'आधी आलेला माल आधी गेला' असं धरणाऱ्या फिफोऐवजी भारित सरासरीने करायचं ठरवलं, तर तो धोरणबदल. त्याला 'आकडे जास्त विश्वासार्ह आणि उपयुक्त होतात' असं पटणारं कारण लागतं. नफा बरा दिसतो, हे कारण नव्हे!

दोन्हीत मागचे आकडे बदलतात. पण तुरीची चूक 2023-24 मधलीच, त्यामुळे 1 एप्रिल 2023 चा ताळेबंद जसाच्या तसा. सरासरीचा परिणाम मात्र त्या दिवसाच्या साठ्यावरही पडतो. तो मोठा असेल तर यंदाच्या आणि मागच्या वर्षअखेरच्या ताळेबंदांसोबत त्या दिवसाचा तिसरा ताळेबंदही द्यावा लागतो.

ऑडिटर आधी गोदामाची पावती आणि काटापट्टी मागतो. माल मार्चमध्ये खरंच होता, की एप्रिलमध्ये आला? मग मागचा नफा करापूर्वी 20 लाखांनी वाढला का, आणि आरंभीचा साठा तेवढाच वाढून यंदाचा नफा घटला का, हे जुळवतो. बहुतेकदा गडबड इथेच सापडते: मागचं वर्ष सुधारलेलं, यंदाचा आरंभीचा साठा जुनाच.