कॉल रेकॉर्डिंग आणि व्हॉइसमेल पुसण्याचे आठ महिने: कुठे खरंच पुसलं जातं आणि कुठे नाही

सुरुवात गाण्यांपासून झाली. गाडीत म्युझिक ॲप शफलवर होतं. दोन गाण्यांच्या मध्ये एकदम माझाच आवाज आला, “हं आई, बोल गं.” पुढची चाळीस सेकंद आम्ही दोघी मावशीबद्दल जे काही बोललो होतो ते गाडीतल्या सगळ्यांनी ऐकलं. मावशी मागच्याच सीटवर होती.

म्युझिक ॲपचा दोष नव्हता. त्याला फोनमधली प्रत्येक ऑडिओ फाइल गाणंच वाटते, आणि माझ्या फोनवर कॉल रेकॉर्डिंग साध्या m4a फाइल बनून Recordings/Call या फोल्डरमध्ये साठत होती. उघडून पाहिलं तर ४१२ निघाली. कधीतरी ‘सगळे कॉल रेकॉर्ड करा’ चालू केलं होतं आणि विसरून गेले होते. मिनिटाला साधारण एक एमबी, म्हणजे सगळी मिळून सव्वादोन जीबी. जागेची काही अडचण नव्हती, अडचण मावशीची होती.

ही गोष्ट फेब्रुवारी २०२५ची. त्यानंतर आठ महिने मी रेकॉर्डिंग आणि व्हॉइसमेल, म्हणजे फोन न उचलल्यावर लोकांनी ठेवलेले आवाजी निरोप, नेमाने पुसते आहे, दोन फोनवर आणि ऑपरेटरकडेही.

आधी फोनचं. पहिल्याच दिवशी मी गूगलच्या Files ॲपमधून ते फोल्डर उघडलं, सगळं निवडलं आणि डिलीट केलं. फोल्डर रिकामं दिसलं, मी निश्चिंत झाले. दोन दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी फोन कॉम्प्युटरला जोडला होता, तेव्हा adb या कॉम्प्युटरवरून फोनला आज्ञा देणाऱ्या साधनातून, नावाच्या सुरुवातीला .trashed असलेल्या फाइल शोधणारी ही आज्ञा सहज चालवून पाहिली:

```
adb shell find /sdcard/ -name ".trashed-*"
```

यादी संपेना. त्यातली एक ओळ अशी:

```
/sdcard/Recordings/Call/.trashed-1741360800-Call recording 250128_193214.m4a
```

फाइल जिथे होती तिथेच होती, फक्त नाव बदललं होतं. अँड्रॉइड ११पासून सिस्टीमचीच एक कचरापेटी आहे. त्या वाटेने डिलीट केलेली फाइल हलत नाही. तिच्या नावाआधी टिंब आणि trashed लागतं, त्यामुळे ती नेहमीच्या यादीतून दिसेनाशी होते. मधला लांबलचक आकडा ही तिची मुदत, १९७०पासून मोजलेल्या सेकंदांत. इथे तो ७ मार्च २०२५ दाखवतो, म्हणजे मी डिलीट केलं त्या ५ फेब्रुवारीपासून तीस दिवस. तोवर ट्रॅशमध्ये जाऊन कोणीही एका टॅपमध्ये फाइल परत आणू शकतो. ट्रॅश रिकामा केला, तीच आज्ञा पुन्हा दिली, एकही ओळ आली नाही. तेव्हा कुठे पहिला टप्पा संपला.

सगळे फाइल मॅनेजर हीच पद्धत वापरत नाहीत. काही कंपन्यांच्या ॲपची कचरापेटी वेगळ्या लपलेल्या फोल्डरमध्ये असते. रेकॉर्डिंगचं फोल्डरही फोनप्रमाणे बदलतं, शाओमीच्या जुन्या फोनवर ते MIUI/sound_recorder/call_rec मध्ये सापडतं. म्हणून आधी आपल्या फोनवर एक छोटा कॉल रेकॉर्ड करायचा, तो पुसायचा, आणि ज्या ॲपमधून पुसला त्याच ॲपचा ट्रॅश उघडून बघायचा. दोन मिनिटांचं काम आहे.

आता वर दिसलेल्या त्याच फाइलचा पुढचा किस्सा. २८ जानेवारीचा तो अकरा मिनिटांचा कॉल मी भावाला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. मूळ फाइल गेली, ट्रॅशही रिकामा, तरी एप्रिलमध्ये म्युझिक ॲपने तीच लावली. (या वेळी गाडीत मी एकटी होते.) नावाने शोधलं तर काही मिळेना. मग आकाराने शोधलं, दहा एमबीच्या आसपासच्या सगळ्या ऑडिओ फाइल. सापडली ती व्हॉट्सॲपच्या WhatsApp Audio/Sent फोल्डरमध्ये, AUD-20250128-WA0007.m4a अशा नावाने. पाठवताना व्हॉट्सॲपने स्वतःची प्रत करून तिला स्वतःचं नाव दिलं होतं. भावाच्या फोनवर आणखी एक होती. ती मात्र त्यालाच सांगून काढावी लागली, “अगं कुठे आहे तेच सापडत नाहीये” असं चार वेळा ऐकून.

आता रेकॉर्डिंग पुसण्याआधी मी एकच आठवते, हे कुणाला पाठवलं होतं का. पाठवलं नसेल तर काम एका मिनिटात होतं.

जूनमध्ये दुसरा फोन घेतला, त्यात गूगलचं फोन ॲप आहे. त्याची रेकॉर्डिंग फाइल मॅनेजरमध्ये दिसतच नाहीत, ती ॲपच्या आत राहतात आणि कॉल हिस्टरीतून ऐकता-पुसता येतात. म्हणजे मावशीचा प्रसंग तिथे घडणार नाही. शिवाय सेटिंगमध्ये ठरावीक दिवसांनी आपोआप पुसण्याची सोय आहे. मी खुशीत सात दिवस निवडले आणि दीड महिन्यातच हात पोळले. कपाट करणाऱ्याने फोनवर सांगितलेली रक्कम आणि तारीख त्याने नवव्या दिवशी नाकारली. मी रेकॉर्डिंग ऐकवायला गेले तर ते उडालेलं. कुठल्याच ट्रॅशमध्ये मिळालं नाही. आता तीस दिवसांवर ठेवलं आहे, आणि व्यवहाराचा कॉल असेल तर त्याच संध्याकाळी बाहेर काढून ठेवते. तिथे पुन्हा वेगळी प्रत तयार होते, हे ओघानं आलंच.

बहिणीच्या आयफोनवर प्रकार अजून निराळा. तिथे कॉल रेकॉर्डिंग आलं iOS 18.1पासून, आणि ते जातं Notes ॲपमध्ये, Call Recordings फोल्डरमध्ये. पुसलं की तीस दिवस Recently Deleted मध्ये बसतं. नोट्स आयक्लाउडवर असतील तर हीच नोट तिच्या आयपॅडवरही दिसते. आयपॅड घरात मुलांकडे असतो, हे तिला मी सांगेपर्यंत सुचलं नव्हतं.

एवढं झाल्यावर वाटलं, ऑपरेटरकडचंही काढून टाकावं. कस्टमर केअरला फोन लावला आणि म्हटलं, माझ्या कॉलची जी रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहेत ती पुसा. पलीकडची मुलगी क्षणभर गप्प राहिली.

“मॅडम, तुमच्या कॉलचं रेकॉर्डिंग आमच्याकडे नसतंच.”

“मग काय असतं?”

“कुठल्या नंबरला, किती वाजता, किती मिनिटं, एवढं असतं. ते पुसता येत नाही, नियमाप्रमाणे ठेवावं लागतं. आणि हा आत्ताचा कॉल रेकॉर्ड होतोय.”

बरोबर होतं तिचं. सामान्य ग्राहकाचं बोलणं ऑपरेटर साठवत नाही. तपास यंत्रणांचा कायदेशीर आदेश असेल तर भाग वेगळा. त्याच्याकडे राहतात ते कॉल डिटेल्स, आणि फोनमधली कॉल हिस्टरी साफ केल्याने त्यांना काही होत नाही. बँक किंवा कंपनीची हेल्पलाइन कॉल रेकॉर्ड करते तेव्हा ते रेकॉर्डिंग त्या कंपनीकडे असतं, मागणी करायची तर तिच्याकडेच. ऑपरेटरकडे आवाज खऱ्या अर्थाने साठतो तो व्हॉइसमेलमध्ये, आणि तिथेही निरोपात आपला नाही, आपल्याला फोन करणाऱ्याचा.

व्हॉइसमेलने मला सगळ्यात जास्त फसवलं. माझ्या ऑपरेटरकडे व्हिज्युअल व्हॉइसमेल आहे, म्हणजे निरोपांची यादी फोनवरच दिसते आणि बोट सरकवून पुसता येतं. मी तीन महिने तसंच पुसत होते. जूनमध्ये सिम नव्या फोनमध्ये घातलं आणि पुसलेले सहा निरोप परत हजर.

कारण समजलं तेव्हा सोपं वाटलं. निरोप मुळात ऑपरेटरच्या सर्व्हरवर असतो, फोनवर येते ती त्याची प्रत. दोघांचं बोलणं ईमेलसारखंच चालतं, बऱ्याच ठिकाणी अक्षरशः ईमेलच्याच आयमॅप पद्धतीने. फोनवर पुसलं की आधी फक्त ‘हा पुसायचा आहे’ अशी खूण होते, आणि पुढच्या सिंकमध्ये ती सर्व्हरला कळते. माझ्या ऑपरेटरकडे हे सिंक मोबाइल डेटावरच होतं, वाय-फायवर नाही. घरी मी डेटा बंद ठेवते. ते सहाही निरोप घरी बसून पुसलेले, आणि त्यांच्या खुणा जुन्या फोनमध्येच अडकून राहिल्या होत्या.

आयफोनवर आणखी एक पायरी आहे. व्हॉइसमेलच्या यादीच्या अगदी तळाशी Deleted Messages असतं, त्यात जाऊन Clear All करेपर्यंत निरोप तिथेच पडून राहू शकतात. बहिणीकडे त्यात दोन वर्षांपूर्वीचे निरोप होते.

खरंच गेलं का हे पाहायचा एकच भरवशाचा मार्ग मला सापडला: फोनवरची यादी सोडून द्यायची आणि मेलबॉक्सलाच कॉल करायचा. माझ्याकडे १ दाबून धरलं की लागतो. जुने आणि जपून ठेवलेले निरोप मेनूत वेगळे विचारतात, तेही ऐकायचे. माझ्या मेलबॉक्समध्ये पुसलेला निरोप कॉल संपेपर्यंत परत घेता येतो, फोन ठेवला की जातो. आणि निरोप ऐकून काहीच न दाबता फोन ठेवला तर तो ‘ऐकलेला’ म्हणून राहतो. मी कित्येक दिवस तेच करत होते.

मध्यंतरी वैतागून व्हॉइसमेल बंदच करून टाकला. *#61# ने उत्तर न दिल्यास कॉल कुठे जातो ते दिसतं, ##004# ने अशा अटींवर वळवलेले सगळे कॉल बंद होतात. त्याने नवे निरोप येणं थांबलं, पण मेलबॉक्समधले जुने जसेच्या तसे होते. कॉल वळवणं आणि साठवलेलं पुसणं ही दोन वेगळी कामं आहेत. क्रम उलटा हवा: आधी मेलबॉक्स रिकामा, मग ##004#. नंबर दुसऱ्या ऑपरेटरकडे न्यायचा असेल तर हवे ते निरोप आधीच ऑडिओ फाइल म्हणून फोनवर उतरवून घ्यायचे, कारण जुना मेलबॉक्स नंबरासोबत येत नाही.

जुना फोन मागच्या आठवड्यात विकला. फाइलवर फाइल लिहून ‘कायमचं पुसणारी’ ॲप्स वापरली नाहीत. फोनची मेमरी नवीन माहिती त्याच जागी लिहीलच असं नसतं, त्यामुळे त्यांचा भरवसा नाही. फोनमधला डेटा एनक्रिप्टेड असतो, फॅक्टरी रीसेटने त्याच्या किल्ल्या जातात आणि मागे राहतं ते वाचता येत नाही. रीसेट करण्याआधी सिम पुन्हा त्यात घातलं, मोबाइल डेटा चालू करून व्हॉइसमेल एकदा सिंक होऊ दिला, मग सिम काढलं.