सेल्फ अप्रेझल: आधी आकडा लिहायचा की आधी काम?

अप्रेझलचा फॉर्म भरताना दोन पद्धती असतात, एकतर थेट आकडा ठोकायचा, नाहीतर आपण नेमकं काय केलं ते लिहून आकडा मागून जोडायचा. त्या आकड्यातला तुमचा वाटा वेगळा काढता येतो का, यावर मी ठरवेन.

समजा तुम्ही कस्टमर सपोर्टला आहात. रिफंडच्या तक्रारींसाठी तुम्ही चेकलिस्ट बनवली, म्हणजे लागणारी सगळी माहिती कस्टमरकडून पहिल्याच मेलमध्ये मागून घेतली जाते, चार वेळा मागेपुढे करावं लागत नाही. आधी असं तिकीट बंद व्हायला सरासरी 48 तास लागायचे, आता 30.

पहिली पद्धत: "रिफंडचा वेळ 48 तासांवरून 30 वर आणला." झकास ओळ, मॅनेजरला वरच्या मीटिंगमध्ये जशीच्या तशी उचलून सांगता येते. पण गोची अशी की त्याच काळात टीममध्ये दोन नवीन माणसं आली आणि सगळीच तिकिटं लवकर बंद व्हायला लागली, आणि हे मॅनेजरला पक्कं माहितीये कारण ती माणसं त्यानेच घेतलीयेत. एवढी एक ओळ फुगवलेली वाटली की खालच्या खऱ्या ओळींवरही तो शंका घेणार.

मग वाटा काढायचा कसा? ज्या तिकिटांना चेकलिस्टचा काही संबंध नाही त्यांचा त्याच महिन्यांचा आकडा काढा. समजा तो 50 वरून 44 झाला, म्हणजे 6 तास तसेही कमी झालेच असते. रिफंडचे 18 कमी झाले, त्यातून हे 6 वजा केले की चेकलिस्टच्या खात्यात ढोबळमानाने 12 उरतात. हाही अंदाजच, म्हणून "साधारण" हा शब्द ठेवायचाच.

दुसऱ्या पद्धतीने तेच असं होतं: "रिफंडसाठी चेकलिस्ट बनवली, एप्रिलपासून पूर्ण टीम वापरते. वेळ 48 वरून 30 तास, त्यात साधारण 12 तास चेकलिस्टमुळे, बाकी टीम वाढल्यामुळे." लांबलचक आहे, मान्य, पण उलटा प्रश्न विचारायला जागाच राहत नाही.

काम एकट्याचं असेल, सेल्ससारखं सिस्टीममध्ये तुमच्याच नावावर मोजलं जात असेल, तर पहिली पद्धत बिनधास्त घ्या. नवीन लोकांना शिकवणं वगैरे कामात ओढूनताणून टक्केवारी काढूच नका, कोण आता कुठलं काम स्वतःहून करतंय ते लिहा.

दोन्हीत एक चलाखी हमखास पकडली जाते, "आधीचा" आकडा म्हणून सगळ्यात वाईट महिना निवडणं. निदान तीन महिन्यांची सरासरी घ्या, आणि रिपोर्ट जोडताना तारखा आणि लावलेला फिल्टर दिसेल असाच स्क्रीनशॉट टाका, नुसता ग्राफ टाकला तर तो कुठल्या तिकिटांचा हेच समोरच्याला कळत नाही.