"विम्यातही बँकेपेक्षा जास्त" दाखवणारा तो तक्ता

माझ्या मोठ्या बहिणीला बँकेतल्या विमा विकणाऱ्या माणसाने एक पॉलिसी दिली. दरवर्षी 1 लाख रुपये, 10 वर्षं, आणि दहावं वर्ष संपलं की 13,25,000 हातात. सोबत त्याने व्हॉट्सॲपवर एक तक्ता पाठवला होता. तेच 1 लाख दरवर्षी 6 टक्क्यांनी बँकेत टाकले तर 10 वर्षांनी 13,18,079 होतात, असं त्यात होतं. म्हणजे पॉलिसी 7 हजारांनी पुढे, वर "विमा संरक्षण फुकट". ताईने सही केली. तिच्या जागी कोणीही केली असती, कारण तक्त्यातली प्रत्येक बेरीज बरोबर होती.

खोट होती ती पैसे कधी भरले, या गृहीतकात. विम्याचा हप्ता वर्षाच्या सुरुवातीला भरायचा असतो. पहिला भरल्याशिवाय पॉलिसी सुरूच होत नाही. म्हणजे पहिला लाख कंपनीकडे पूर्ण 10 वर्षं राहतो आणि शेवटचासुद्धा एक वर्ष. याला ॲन्युइटी ड्यू म्हणतात. तक्त्यात मात्र बँकेचा हिशेब ऑर्डिनरी ॲन्युइटीचा होता, म्हणजे प्रत्येक लाख वर्षाच्या शेवटी भरला असं धरलेला. त्या हिशेबात पहिल्या लाखाला नऊच वर्षांचं व्याज मिळतं, आणि दहावा लाख तर ज्या दिवशी भरला त्याच दिवशी परत येतो, एक पैसाही न कमावता. विमा कंपनीला पैसे 1 तारखेला आणि बँकेला त्याच वर्षाच्या अखेरीस, अशी ही तुलना!

ताई ज्या दिवशी हप्ता भरते त्याच दिवशी तो लाख बँकेत टाकला असता, तर 6 टक्क्यांनी 13,97,164 झाले असते. आधीच्या आकड्याहून 79,085 जास्त. हा फरक म्हणजे 13,18,079 वरचं बरोबर एका वर्षाचं व्याज, कारण प्रत्येक हप्ता एक वर्ष आधी कामाला लागतो. म्हणजे पॉलिसी 7 हजारांनी पुढे नव्हती, 72 हजारांनी मागे होती. त्या 72 हजारांत विमा संरक्षणाची किंमत आली, आणि बँकेच्या व्याजावर कर लागतो हेही खरं. पण मग ते "फुकट" म्हणून विकायचं नाही.

त्याने पॉलिसीचा परतावा 6.11 टक्के सांगितला होता, तोही याच वाटेने काढलेला. स्प्रेडशीटमध्ये खालच्या दोन ओळी टाकून बघा:

```
=RATE(10,-100000,0,1325000)
=RATE(10,-100000,0,1325000,1)
```

पहिलीचं उत्तर साधारण 6.11 टक्के, दुसरीचं 5.06. शेवटचा 1 म्हणजे "पैसे सुरुवातीला भरले". तो लिहिला नाही तर शीट आपोआप 0 धरते, म्हणजे शेवटी भरले. म्हणून "फॉर्म्युला एक्सेलचाच आहे, मॅडम" हे त्याचं बोलणं खरं असूनही उपयोगाचं नव्हतं.

सूत्र न उघडताही हे पकडता येतं. वर्षवार तक्ता मागा आणि पहिल्या वर्षाच्या शेवटची शिल्लक बघा. 6 टक्क्यांच्या हिशेबात तिथे 1,06,000 हवेत. नुसते 1,00,000 दिसले, तर हप्ता वर्षअखेरीस धरलेला आहे. ताईच्या तक्त्यात पहिल्याच ओळीत 1,00,000 होते.

भाडंही महिन्याच्या सुरुवातीला देतात, तिथेही हाच घोळ होतो. पण तिथे पैसे एकच महिना सरकतात, म्हणून 6 टक्क्यांनी फरक एकूण रकमेच्या अर्ध्या टक्क्याचा पडतो. वार्षिक हप्त्यात तो पूर्ण 6 टक्क्यांचा. म्हणून हा खेळ वार्षिक हप्त्याच्या पॉलिसीत सगळ्यात महाग पडतो.

आम्ही तक्रार केली तेव्हा कंपनीने ताईची सही असलेलं बेनिफिट इलस्ट्रेशन, म्हणजे पॉलिसीत काय मिळणार हे दाखवणारं कंपनीचं पत्रक, पुढे केलं. त्यात 13,25,000 होते, बँकेशी तुलना नव्हती. व्हॉट्सॲपचा तक्ता आमचा नाही, असं उत्तर आलं. मला सगळ्यात जास्त चीड याची आली. विकताना तोच कागद पुढे केला जातो आणि भांडताना तोच नाकारला जातो. त्यामुळे तुलनेचा तक्ता बँकेच्या अधिकृत ईमेलवरूनच मागा, आणि पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवसांच्या फ्री लूक काळात वरच्या दोन ओळी चालवून बघा. त्या काळात पॉलिसी परत केली तर किरकोळ वजावट करून पैसे मिळतात. ताईचा तो काळ उलटून गेला होता. कंपनीचं लेखी उत्तर हातात आल्यावर आम्ही तो तक्ता, मेसेजच्या तारखांसह, विमा लोकपालांकडे दिला आहे.