भाकरीचा तवा वेगळा, घावनाचा वेगळा: स्टील, जर्मन, बीड की नॉनस्टिक?

बेळगावच्या खडे बाजारात भांड्यांच्या दुकानात शिरलं की पहिला प्रश्न येतो, "कशातलं दाखवू?" त्याला एका शब्दात उत्तर देऊ नये. एकाच धातूचा अख्खा संच घेतला तर निम्मी भांडी चुकीच्या कामाला जुंपली जातात. त्यापेक्षा दोनच गोष्टी ठरवा. भांड्यात आंबट शिजणार आहे का? आणि भांडं रिकामं, कोरडं तापणार आहे का? या दोन उत्तरांवर बहुतेक निवड होऊन जाते.

आंबटापासून सुरू करू. आपल्याकडे चिंच, आमसूल, टोमॅटो किंवा ताक यांतलं काही ना काही रोजच शिजतं. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या भांड्याच्या आत ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि तोच धातूला सांभाळतो. आंबटाने तो विरघळतो. चिंचेची आमटी रात्रभर तशीच राहिली तर सकाळी आतून पांढुरके डाग दिसतात, पुढे बारीक खड्डे पडतात आणि आमटीलाही धातूची चव येते. लोखंडात किंवा बिडात तीच आमटी काळपट होते आणि तव्यावर मेहनतीने बसवलेला तेलाचा थर निघून जातो. म्हणून आमटी, सार, कढी स्टीलमध्येच.

स्टील घेताना दिखाव्यापेक्षा वजन बघा. २० सेंटीमीटर रुंद आणि १२ सेंटीमीटर उंच पातेल्याचा पत्रा अर्धा मिलिमीटर जाड असेल तर ते साधारण सव्वाचारशे ग्रॅम भरतं, एक मिलिमीटर असेल तर साडेआठशेच्या आसपास. स्टीलमधून उष्णता ॲल्युमिनियमच्या मानाने पंधरा पटींनी कमी वेगाने पसरते. त्यामुळे पातळ पातेल्यात बर्नरच्या वर नेमकी कड्याएवढी जागा जळते आणि कडेचं पिठलं कच्चंच राहतं. रोजच्या पातेल्याला जाड पत्रा घ्या, किंवा बुडाला ॲल्युमिनियमची चकती दाबून बसवलेलं, सँडविच बुडाचं घ्या. चुंबक लावून स्टील पारखण्याची पद्धत मात्र अर्धीच खरी आहे. स्टीलच्या स्वस्त २०२ आणि चांगल्या ३०४ या दोन्ही प्रतींना चुंबक जवळजवळ चिकटतच नाही, त्यामुळे त्यातला फरक चुंबकाने कळत नाही. भांड्यावर आयएसआयचा शिक्का आणि त्याच्यासोबत IS 14756 हा आकडा आहे का ते बघा. आणखी एक: थंड पाण्यात मीठ टाकून भांडं गॅसवर ठेवलं तर तळाशी पडलेले मिठाचे खडे स्टीलला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतात. पाणी उकळल्यावर मीठ घाला, एवढंच.

जर्मनची जागा म्हणजे कढई. फोडणी, सुकी भाजी, पोहे, उपमा यांत आंबट फारसं नसतं किंवा शेवटी पिळलेलं असतं, आणि उष्णता सगळीकडे सारखी लागते. दूध आटवायलाही जाड जर्मनचं पातेलं बरं, पातळ स्टीलमध्ये ते तळाला धरतं. कढई किमान तीन मिलिमीटर जाडीची घ्या. पातळ कढईचं बूड तापून फुगतं आणि ती शेगडीवर डुलायला लागते. बोअरचं जड पाणी उकळलं की जर्मन आतून काळं पडतं आणि लोक ते घासून चांदीसारखं करत बसतात. त्याची गरज नाही. तो काळा थर निरुपद्रवी असतो, घासल्याने उलट धातू उघडा पडतो. खाण्याच्या सोड्याचं पाणी त्यात ठेवू नका, क्षारही आंबटासारखेच तो थर खातात.

आता तवे. जास्तीत जास्त पैसे इथेच चुकीच्या जागी जातात.

ज्वारीची भाकरी कडक, कोरड्या आचेवर भाजली जाते. वरून पाण्याचा हात फिरतो, खाली सांडलेलं पीठ जळतं. हे रोज झालं की तव्यावर तेलाचा थर टिकत नाही. म्हणून भाकरी-चपातीच्या तव्यावर घावन किंवा दोसा घातला की तो फाटतो, आणि दोष पिठाला दिला जातो. उपाय एकच, दोन तवे ठेवायचे. भाकरीला साधा जाड लोखंडी पत्र्याचा तवा पुरतो, तो सगळ्या पर्यायांत स्वस्तातला आहे. घावन, आंबोळी, दोशाला बिडाचा.

बिडाचा तवा तराजूवर पारखता येतो. २६ सेंटीमीटर व्यासाचा, पाच मिलिमीटर जाड तवा सुमारे १.९ किलो भरतो. फार हलका असेल तर तो पातळ आहे, आणि बीड ठिसूळ असल्याने पडला की तडकतो. बेळगावात फाउंड्र्या पुष्कळ, पण पंप-व्हॉल्व्हचे भाग ओतणं वेगळं आणि तवा वेगळा. तव्याच्या पृष्ठभागावर भोकं नकोत. पांढरं फडकं तेलात बुडवून तव्यावर घासा. भगभगीत काळा रंग सुटत असेल तर तो तेलाचा थर नाही, रंग आहे. तसला तवा ठेवा तिथेच.

नवा तवा साबणाने धुवा, मंद गॅसवर पूर्ण सुकवा. अर्धा चमचा शेंगदाणा तेल दोन्ही बाजूंना चोळा आणि मग ते जणू चुकून लागलंय अशा बेताने कोरड्या फडक्याने पुसून काढा. मध्यम आचेवर धूर निघून थांबेपर्यंत तापवा, गार होऊ द्या. असं चार-पाच वेळा. इथे एकच चूक होते, तेल जास्त राहतं. मग तवा काळा न होता गोंदासारखा चिकट होतो. तसं झालं तर नवं तेल न लावता परत अर्धा तास तापवा, चिकटपणा जातो. पहिले दोन-तीन घावन फाटणारच. तेल लावायला वांग्याचं देठ किंवा अर्धा कांदा वापरा, थर पातळ बसतो. तवा मंद आचेवर पाच-सहा मिनिटं तापू द्या, कारण बीड हळू तापतं आणि घाई केली तर मधोमध जास्त तापून घावन तिथेच चिकटतो.

नॉनस्टिकचं काम याच घावनापुरतं, तेही कमी तेल हवं असेल तर. त्याचा लेप २६० अंशांच्या वर बिघडायला लागतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच तिथे पोचतो. म्हणजे भाकरीला तो सर्वांत वाईट. आधी थोडं तेल घाला. रिफाइंड शेंगदाणा तेल २३० अंशांच्या आसपास धूर सोडतं, तेव्हा धूर दिसला की गॅस कमी करायचा. घरात पोपट असेल तर पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नका, तापलेल्या लेपाच्या वाफेने पक्षी मरतात. उलथणं लाकडाचंच. लेप सोलला की तवा कामातून गेला.

चार माणसांचं घर, गॅसची शेगडी, पैसे बेताचे, असं धरलं तर पहिल्या फेरीत भाकरीचा लोखंडी तवा, आमटीचं जाड स्टीलचं पातेलं आणि जर्मनची कढई. दुसऱ्या फेरीत बिडाचा तवा आणि भाताला स्टीलचं पातेलं. नॉनस्टिक शेवटी, तेही गरज वाटली तर. पुढे इंडक्शन घ्यायचा विचार असेल तर साधं जर्मन त्यावर चालत नाही, बीड आणि लोखंड चालतं, आणि स्टीलच्या बुडाला मात्र चुंबक चिकटायलाच हवा. जुनी भांडी मोडीत घालताना जर्मन आणि स्टील वेगवेगळं तोलायला सांगा. जर्मनला किलोमागे भाव जास्त मिळतो, एकत्र तोललं तर तो तुमच्या हाती लागत नाही.