‘जीपीएस’ म्हणून विकलेलं, टॉवरवर चालणारं यंत्र: रावेरकडचं एक प्रकरण

रावेरजवळच्या एका केळी उत्पादकाच्या मोटरसायकलला दुकानदाराने २,८०० रुपयांत ‘फोर-जी जीपीएस’ बसवून दिलं आणि घराभोवती १०० मीटरचं जिओफेन्स लावलं. पहिल्याच आठवड्यात रात्री-अपरात्री अलर्ट सुरू झाले: गाडी हद्दीबाहेर, चार मिनिटांनी पुन्हा आत. गाडी अंगणातच, कुलूप लावलेली. दुकानदार म्हणाला, “भाऊ, ढगांमुळे सॅटेलाइट हलतं, प्रीमियम प्लॅन घ्या.” त्याचे १,२०० रुपये वेगळे गेले. अलर्ट थांबले नाहीत, म्हणून शेवटी त्यांनी ते बंदच केले. खरा धोका तिथे होता, कारण त्यानंतर गाडी खरोखर उचलली असती तरी फोन वाजला नसता.

ढगांचा यात काही संबंध नव्हता. अ‍ॅपमधली हिस्ट्री उघडल्यावर कारण दिसलं. प्रत्येक नोंदीपुढे GPS ऐवजी LBS लिहिलेलं होतं. म्हणजे यंत्र उपग्रह पकडतच नव्हतं, मोबाइल टॉवरवरून जागेचा अंदाज बांधत होतं. शहरात हा अंदाज काहीशे मीटरने चुकतो. शेतशिवारात टॉवर लांब लांब असतात, तिथे चूक किलोमीटरवर जाते. सिम एका टॉवरवरून दुसऱ्यावर गेलं की नकाशावर गाडी उडी मारते.

खूण ओळखायला सोपी आहे. खऱ्या जीपीएसचा ठिपका उभ्या गाडीभोवती दहा-वीस मीटरमध्ये सरकतो, भिंतीला लागून असेल तर थोडा जास्त. टॉवरचा ठिपका मात्र एका दमात लांब जातो आणि दर वेळी त्याच दोन-तीन जागांवर येऊन बसतो.

मात्र LBS दिसलं म्हणजे लगेच फसवणूक समजू नका. पत्र्याच्या शेडखाली चांगलं यंत्रही उपग्रह गमावून टॉवरवर जातं. अँटेना धातूखाली दाबली तरी तेच होतं. अँटेनाची बाजू आकाशाकडे हवी. वर प्लास्टिक चालतं, लोखंड नाही. म्हणून पैसे देण्याआधी गाडी मोकळ्यावर आणा, पाच-दहा मिनिटं थांबा, मग एक-दोन वळणं घेत दोन किलोमीटर चालवा. प्लेबॅकमधली रेघ रस्त्याला धरून वळली पाहिजे. ती शेतांवरून आडवी गेली आणि मोकळ्यावरही LBS कायम राहिलं, तर यंत्र परत करा. या प्रकरणात आत जीपीएसचा भागच नव्हता.

बिलावर मॉडेल आणि १५ अंकी आयएमईआय लिहून घ्या, आणि तो अ‍ॅपमधल्या नंबरशी जुळवा. दुकानदार पैसे परत देत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना हेच बिल आणि हिस्ट्रीचे स्क्रीनशॉट कामी येतात.

यंत्र खरं निघालं तर जिओफेन्स २०० मीटरच्या खाली नेऊ नका. अलर्ट आला की आधी अ‍ॅपमध्ये ACC, म्हणजे गाडीचं इग्निशन चालू की बंद, ते पाहा. ते बंद असताना ठिपके एकामागून एक रस्त्याने पुढे सरकत असतील, तर गाडी कुणीतरी ओढून नेतंय. लगेच ११२ ला फोन लावा.